हँडओव्हर कुठे लिहायचा: रेपोत की गूगल डॉकमध्ये?

बाणेरमधली एक छोटी कंपनी धरा. घरोघरी दूध पोचवणाऱ्या डेअरीचं अँड्रॉइड अ‍ॅप तिथे एकच डेव्हलपर सांभाळतो आणि त्याचा नोटीस पिरियड संपत आलाय. त्याने हँडओव्हर रेपोतल्या `HANDOVER.md` मध्ये लिहावा की गूगल डॉकमध्ये?

बिल्डच्या पायऱ्यांसाठी मी निःशंकपणे रेपो निवडेन. अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन 8.0 ला जेडीके 17 लागतो. प्लगइन 7 वरून 8 वर नेताना रेपोतली फाइल त्याच कमिटमध्ये बदलता येते, आणि रिव्ह्यू करणाऱ्यालाही ती दिसते. डॉकमध्ये मात्र ‘जेडीके 11’ तसंच राहतं. नवा माणूस ते वाचून 11 टाकतो आणि बिल्ड पहिल्याच पायरीला अडकतो. फोल्डरची मांडणीही याच फाइलमध्ये असावी. कुठल्या फोल्डरला का हात लावू नये एवढं लिहिलं तरी पुरे, बाकीचं कोडमध्ये दिसतंच.

डॉकची जमेची बाजू म्हणजे मॅनेजर आणि टेस्टर यांनाही तो वाचता येतो. त्यामुळे ‘पहाटे सगळे एकदम ऑर्डर बदलतात तेव्हा सिंक अडकतो’ अशा माहीत असलेल्या अडचणी, आणि त्यावर ग्राहकाला काय सांगायचं, हे डॉकमध्ये जास्त उपयोगी पडतं. पण डॉकची मालकी जाणाऱ्याकडे ठेवू नका. कंपनीने त्याचं वर्कस्पेस खातं मालकी न बदलता डिलीट केलं, तर डॉकही जातो.

खात्यांच्या बाबतीत दोन्ही जागा अपुऱ्या आहेत. रेपोत पासवर्ड एकदा कमिट झाला की फाइल काढली तरी गिटच्या इतिहासात राहतो, आणि डॉकची लिंक कुणाकडेही पोचू शकते. फाइलमध्ये फक्त खात्याचं नाव आणि मालक लिहावा, पासवर्ड आणि कीस्टोअर कंपनीच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवावेत. प्ले कन्सोलचं खातं त्याच्या खासगी जीमेलवर असेल, तर अ‍ॅप कंपनीच्या खात्यावर ट्रान्सफर करायची विनंती त्याच्याच खात्यातून करावी लागते. म्हणून हे काम तो असतानाच उरका.

कीस्टोअर गिटमध्ये नसतो, म्हणून नुसता क्लोन करून रिलीज बिल्ड होत नाही. त्याची प्रत कोऱ्या लॅपटॉपवर घेऊन नव्या माणसाने स्वतः हे चालवावं, जाणाऱ्याने फक्त शेजारी बसावं:

```
./gradlew bundleRelease
keytool -list -v -keystore upload.jks
```

दुसऱ्या कमांडमध्ये दिसणारा SHA-1 प्ले कन्सोलमधल्या अपलोड कीच्या SHA-1 शी जुळला पाहिजे. नाही जुळला, तर कीस्टोअर चुकीचा आहे. प्ले अ‍ॅप साइनिंग चालू असेल तर अपलोड की रीसेट करून घेता येते. जुन्या अ‍ॅपला ते नसेल आणि मूळ की हरवली, तर त्याच पॅकेज नावाने अपडेट देता येत नाही, ग्राहकांना नवं अ‍ॅप घ्यायला सांगावं लागतं.