टाक्यांचे पैसे भरले, गादी मात्र कापून घेतली

माझ्या गुडघ्यात न घातलेल्या तीन टाक्यांचे ७३,५०० रुपये मी आणि माझ्या विमा कंपनीने मिळून भरले आहेत. हे लिहिताना संताप होतो आणि त्याहून जास्त लाज वाटते. मी चोपडा तालुक्यात केळीचा व्यापार करतो. काट्यावर गाडीचे वजन पाच किलोने चुकले, तरी ते माझ्या नजरेतून सुटत नाही.

वय ३४. गेल्या वर्षी ट्रॉलीवरून उडी मारली, पाय ओल्या मातीत रुतला आणि अंग उजवीकडे फिरले. त्या दिवशी चालता आले; सूज दुसऱ्या दिवशी आली. जिने उतरताना गुडघ्याच्या आतल्या बाजूला काहीतरी अडकून सुटल्यासारखे व्हायचे. एमआरआयमध्ये आतल्या मेनिस्कसच्या मागच्या भागात, बाहेरच्या काठाजवळ, १४ मिलिमीटरची उभी चीर दिसली. अहवालात ‘काठाजवळ’ हा शब्द होता. माझे सगळे प्रकरण त्या एका शब्दात होते, पण तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

मेनिस्कस म्हणजे मांडीचे हाड आणि नडगी यांच्यामधली इंग्रजी सी अक्षराच्या आकाराची कूर्चेची गादी. तिला रक्त बाहेरच्या काठाकडून, सांध्याच्या आवरणातल्या बारीक वाहिन्यांतून मिळते. आतल्या गादीत मोठ्या माणसाचे रक्त काठापासून रुंदीच्या साधारण १० ते ३० टक्क्यांपर्यंतच पोहोचते. काठापासूनचे पहिले सुमारे तीन मिलिमीटर हा लाल भाग. तिथली चीर टाके घातल्यावर भरून येऊ शकते. तीन ते पाच मिलिमीटरचा पट्टा मधला, तिथे टाके घालायचे की नाहीत हे रुग्ण पाहून ठरते. त्याच्या आत पांढरा भाग. तिथे रक्त नाही, म्हणून बहुतेक वेळा फाटलेला तुकडा काढून काठ गुळगुळीत करतात. माझी चीर काठापासून दोन-तीन मिलिमीटरवर, उभी, तीन आठवड्यांपूर्वीची, आणि मी चाळिशीच्या आतला. टाके घालण्यासाठी यापेक्षा योग्य रुग्ण शोधून सापडला नसता.

डॉक्टरांनीही तेच सांगितले. “तुम्ही तरुण आहात, गादी वाचवू. तीन टाके लागतील, एका टाक्याचे साहित्य साडेचोवीस हजारांचे.” मी होकार दिला आणि संमतीपत्रावर सही केली. त्यात शस्त्रक्रियेच्या नावापुढे टाके घालणे आणि अंशतः काढणे असे दोन्ही पर्याय छापलेले होते आणि एकावरही खूण नव्हती. न वाचता सही केली, ही माझी चूक. मात्र स्ट्रेचरवर झोपलेल्या माणसाच्या हातात पेन देऊन घेतलेली सही ही संमती कशी, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही.

एकूण बिल १,६०,१०० रुपये झाले. विमा कंपनीने १,१०,००० दिले, मी ५०,१०० भरले. टाक्यांचे साहित्य, नग तीन, ७३,५०० रुपये, अशी स्वतंत्र ओळ बिलात होती.

आता ज्या क्षणी लक्षात यायला हवे होते, तो क्षण. तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट म्हणाले, “पायावर पूर्ण वजन टाका आणि गुडघा वाकेल तेवढा वाकवा.” बाराव्या दिवशी मी एका लग्नात पंगतीला मांडी घालून जेवलो आणि चारचौघांत डॉक्टरांचे कौतुक केले. “काय व्हयनं भो, इतक्यात बरा?” असे विचारणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा पत्ता दिला. त्याच संध्याकाळी पुण्याच्या मावसभावाचा फोन आला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या गादीला टाके घातले होते. त्याने सहज विचारले, “ब्रेस किती अंशांवर लॉक केला आहे?” मी म्हणालो, “कसला ब्रेस?” तो गप्प झाला.

टाके घातलेली गादी लगेच ताण सोसू शकत नाही. अशा उभ्या चिरेनंतर ब्रेसमध्ये, म्हणजे गुडघा जखडणाऱ्या पट्ट्यात, पाय सरळ ठेवून वजन टाकायला काही डॉक्टर परवानगी देतात, पण पहिले चार ते सहा आठवडे गुडघा साधारण ९० अंशांपलीकडे वाकवू देत नाहीत आणि उकिडवे बसणे चार-सहा महिने बंद असते. तुकडा कापलेला रुग्ण मात्र काही दिवसांतच चालू लागतो. मला आनंद देणारी ती झटपट सुधारणा हाच पुरावा होता, आणि तो मी पंगतीत बसून मिरवला. टाके घातले असे सांगूनही कोणी तिसऱ्या दिवशी मोकळे वाकायला सांगत असेल, तर तिथल्या तिथे कारण विचारा.

मी फाईल मागितली. “डॉक्टर बाहेरगावी आहेत” असे दोनदा ऐकल्यावर लेखी अर्ज दिला. डॉक्टरांच्या आचरणाबाबतच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात. मला ती १९ दिवसांनी मिळाली. शस्त्रक्रियेची नोंद चार ओळींची होती: शेव्हर वापरला, फाटलेला भाग काढला, काठ नीट केला. टाक्यांचा उल्लेख नव्हता. शस्त्रक्रियेचे चित्रीकरण मागितले, तर “त्या दिवशी मशीन बिघडले होते.”

नाशिकला दुसरा एमआरआय काढला, ६,५०० रुपये. मागचा भाग बोथट आणि आखूड झालेला दिसला. तिथले डॉक्टर तोंडी म्हणाले, “गादी कापलेली आहे, टाक्याची खूण दिसत नाही.” लिहून मात्र दिले, ‘शस्त्रक्रियेनंतरचे बदल’.

आत पाहिल्यावर चीर वेगळी निघू शकते आणि डॉक्टरांना ऐनवेळी बेत बदलावा लागू शकतो, हे मला मान्य आहे. टाके घातले तरी काही चिरा भरत नाहीत आणि पुन्हा शस्त्रक्रिया लागते, हेही मान्य. पण मग ते मला सांगायचे होते आणि ते ७३,५०० घ्यायचे नव्हते. कापलेली गादी परत वाढत नाही. तिचा भार हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेवर येतो आणि पुढे सांधा झिजण्याचा धोका वाढतो. गादी काढलेल्या गुडघ्यांतले असे बदल फेअरबँक या हाडांच्या डॉक्टरांनी १९४८ मध्येच नोंदवले होते.

तक्रारीची कथा याहून संतापजनक आहे. पोलीस म्हणाले, ही दिवाणी बाब आहे. जिल्ह्याच्या कार्यालयात पाच फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा अर्ज तीन प्रतींत हवा होता, दुसऱ्यांदा साहेब बैठकीत, तिसऱ्यांदा टेबल बदललेले, चौथ्यांदा आधीचा अर्ज सापडेना, आणि पाचव्यांदा सांगितले की दुसऱ्या तज्ज्ञाचे लेखी मत आणा. एका डॉक्टरविरुद्ध दुसरा डॉक्टर लेखी देत नाही, हे त्या खुर्चीतल्या माणसाला माहीत नसेल का? विमा कंपनीचे उत्तर तर फ्रेम करून लावण्यासारखे आहे: दावा मंजूर झालेला असल्याने आपले नुकसान दिसून येत नाही.

याच रुग्णालयाने माझ्या ५२ वर्षांच्या काकांनाही दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुचवली होती. त्यांची गादी झिजून विरलेली होती, अपघात नव्हता, गुडघा अडकतही नव्हता. अशा रुग्णांवर फिनलंडमध्ये झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गादी कापलेले आणि केवळ शस्त्रक्रियेचे नाटक केलेले, असे दोन्ही गट वर्षभरानंतर सारखेच निघाले. काकांना मी व्यायामाला धाडले. माझ्या चिरेचा आणि त्यांच्या झिजेचा इलाज एक नव्हे, एवढे शिकायला मला ५६,६०० रुपये पडले.

टाक्याच्या प्रत्येक नगाच्या वेष्टनावर लॉट क्रमांक आणि किमतीचे स्टिकर असते आणि ते रुग्णाच्या फाईलमध्ये चिकटवतात. घरी जाण्यापूर्वी ते पान मागा, मोबाईलवर फोटो घ्या, नग आणि बिल जुळवा. माझ्या ४१ पानांच्या फाईलमध्ये त्या पानावर तीन चौकटी छापलेल्या आहेत आणि तिन्ही रिकाम्या आहेत. त्या पानाची छायाप्रत मी आतापर्यंत सहा अर्जांना जोडली आहे.