हळदीचा एप्रिल वायदा: चार महिने वापरून झाल्यावर

फेब्रुवारीत हे लिहायला बसलो असतो तर शिव्याच लिहिल्या असत्या. आता माल विकून झालाय, हिशेब वहीत उतरलाय, म्हणून नीट लिहितो.

आमची अडीच एकर सेलम हळद, चिकोडी तालुक्यात. वाळून पॉलिश होऊन साधारण ५५ क्विंटल निघते आणि सगळी सांगलीला जाते. एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदे बाजारात हळदीचा एक लॉट ५ टनांचा, म्हणजे ५० क्विंटल. माझा माल त्यात बसला. धाकट्या भावाची एकच एकर आहे, त्याच्यासाठी अर्धा लॉट नसतो. सोयाबीनचंही असंच करायचं मनात होतं, पण तो वायदा सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये बंद केलेला.

डिसेंबरात एप्रिलचा वायदा क्विंटलला १४,२०० ने विकला, म्हणजे एप्रिलच्या मालाचा भाव आधीच बांधायला गेलो. माल अजून जमिनीत होता. त्या दिवशी सांगलीत आमच्यासारख्या मालाला १५,००० मिळत होते, म्हणजे वायद्यापेक्षा ८०० जास्त. हा ८०० चा आकडा लिहून ठेवा, पुढे लागेल. सौदा ७ लाख १० हजारांचा, त्यावर मार्जिन, म्हणजे अनामत, म्हणून ८५ हजार खात्यात अडकले. मला वाटलं, झालं, आता एप्रिलपर्यंत बघायला नको.

तिथेच चुकलो. वायद्याचा हिशेब शेवटी होत नाही, रोज संध्याकाळी होतो. भाव क्विंटलला १०० ने चढला की विकणाऱ्याच्या खात्यातून ५,००० जातात, उतरला की येतात. जानेवारीत भाव चढायला लागला तो थांबेचना. फेब्रुवारीत हळद शिजवत होतो. हळकुंडात काडी आरपार जाते का बघत कढईजवळ उभा, तोंडावर वाफ, आणि खिशात फोन वाजला. त्या एका दिवसात भाव ४०० ने चढला होता, २० हजार गेले. ब्रोकरच्या मुलाचा लगेच फोन: "तात्या, सकाळी बाजार उघडायच्या आत भरा, नाहीतर सौदा कापावा लागेल." रात्री आठ वाजता! मजुरांची मजुरी द्यायला ठेवलेले पैसे भरले आणि मजुरांना चार दिवस थांबवलं. हे मला अजून खुपतं. नियम मला मान्य आहे, पण रोज किती जाऊ शकतात हे खातं उघडताना कागदावर मांडून दाखवायला काय झालं होतं? सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागितलं, दहा सह्या घेतल्या, ही एक गोष्ट कुणी सांगितली नाही.

वायदा १५,६०० ला पोचला तेव्हा ७० हजार गेले होते. मार्जिन धरून दीड लाखाच्या वर अडकले. घरी ही म्हणाली, "काढून टाका तो सौदा." मीही तयार होतो. पण त्याच आठवड्यात अडत्याला फोन केला तर सांगलीत १६,३०० चालू होते. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. खात्यातून गेलेलं माझ्या हळदीत जमा होत होतं. त्या दिवशी माल तयार असता तर १६,३०० मिळाले असते, त्यातून खात्यातून क्विंटलमागे गेलेले १,४०० वजा करून उरले १४,९००. अडचण एवढीच की खात्यातले पैसे आज रोख जातात आणि हळदीतले पैसे विकल्यावर येतात.

सौदा ठेवला. मार्चात आवक वाढली आणि भाव कोसळला. एप्रिलच्या सुरुवातीला सांगलीत ५० क्विंटल १३,००० ने गेली, आणि त्याच दुपारी वायदा १२,३०० ला परत घेऊन सौदा मिटवला. वायदा संपतो त्या २० तारखेपर्यंत थांबलो नाही. शेवटच्या दिवसांत डिलिव्हरी, म्हणजे खरा माल देणं, गळ्यात पडते, मार्जिन वाढतं, आणि मला निजामाबादच्या गोदामात माल न्यायचा नव्हता.

वायद्यात क्विंटलला १,९०० सुटले, एकूण ९५ हजार. सांगलीचे १३,००० धरून पडले १४,९००, ब्रोकरेज वेगळं. डिसेंबरचे १५,००० पूर्ण बांधले गेले नाहीत, कारण सांगली आणि वायद्यातला फरक ८०० चा ७०० झाला. वायद्याचा भाव निजामाबादच्या मालाचा आहे. तो फरक आपल्या हातात नाही, आणि एखाद्या वर्षी १०० ऐवजी हजारानेही हलू शकतो. उरलेली पाच क्विंटल वायद्याबाहेरच होती, ती १३,००० लाच गेली.

पुन्हा करणार. पण यंदा उसाचं पहिलं बिल आलं की दोन लाख वेगळ्या खात्यात टाकीन आणि मगच विकीन. मजुरीच्या पैशांना हात लावणार नाही.