५५ अंशांच्या खोलीत साडेसात किलोवॅटची मोटर: एक हंगाम चालवून झाल्यावर

कुपवाड एमआयडीसीत आमचं बेदाणा धुऊन वाळवायचं युनिट आहे. ड्रायरच्या मुख्य ब्लोअरसाठी या हंगामाच्या सुरुवातीला नवीन मोटर घेतली: ७.५ किलोवॅट म्हणजे १० एचपी, ४ पोल, आयई३, १३२एम फ्रेम, एफ क्लास इन्सुलेशन. हंगाम संपत आला आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या वर्गातली कोणतीही चांगली मोटर इथे असंच वागली असती. प्रश्न मोटरच्या जागेचा आहे.

ही मोटर ड्रायरच्या भिंतीला चिकटून, बंदिस्त खोलीत बसते. बाहेर ३८ असताना तिच्या पंख्याच्या तोंडाशी थर्मामीटर धरला तर ५४-५५ दाखवतो. त्यामुळे दुकानदारासकट सगळ्यांचा सल्ला एकच होता, "गरम जागा आहे, सरळ १५ एचपी टाका." सल्ला वाईट नाही, पण १५ एचपी म्हणजे ११ किलोवॅट, आणि तिची फ्रेम १६०. शाफ्ट ३८ ऐवजी ४२ मिलिमीटर, सेंटरची उंची २८ मिलिमीटरने जास्त. म्हणजे पुली नवी आणि बेसही नवा. तेवढा खर्च करण्याआधी गणित मांडून बघितलं.

नेमप्लेटवरचे साडेसात किलोवॅट दोन अटींवर दिलेले असतात: भोवतालची हवा ४० अंशांपर्यंत आणि उंची समुद्रसपाटीपासून १००० मीटरपर्यंत. आयईसी ६००३४-१ मध्ये तेच धरलेलं आहे. सांगली साधारण ५५० मीटरवर, म्हणजे उंचीची अट आपोआप पाळली जाते. आमची भानगड फक्त उष्णतेची. वाइंडिंग किती तापेल याची बेरीज सोपी आहे: भोवतालचं तापमान, त्यावर मोटरची स्वतःची वाढ, आणि वाइंडिंगमधल्या सगळ्यात गरम जागेसाठी आणखी १० अंश. एफ क्लासला ही बेरीज १५५ पर्यंत चालते, बी क्लासला १३०.

आजकालच्या बऱ्याच मोटरवर "इन्सुलेशन एफ, वाढ बी" असं लिहिलेलं असतं. म्हणजे पूर्ण लोडवर वाढ ८० च्या आत ठेवली आहे, पण इन्सुलेशन १५५ चं आहे. ५५ अंशांच्या खोलीत बेरीज होते ५५ + ८० + १० = १४५. म्हणजे पूर्ण लोड घेतला तरी इन्सुलेशनची हद्द ओलांडत नाही. फक्त २५ अंशांची जी शिल्लक होती, तिच्यातले १५ खर्च होतात. ही शिल्लक शाबूत हवी असेल तर वाढ ८० ऐवजी ६५ वर आणावी लागते, म्हणजे लोड कमी. तांब्यातला लॉस लोडच्या वर्गाने कमी होतो, पण लोखंडातला आणि पंख्याचा फारसा हलत नाही. एक तृतीयांश लॉस स्थिर धरला तर लोड ८५ टक्क्यांवर येतो, सगळा लॉस वर्गाने बदलतो असं धरलं तर ९० वर. उत्पादकांच्या कॅटलॉगमध्ये ५५ अंशांना ८५ ते ९० टक्के दिसतात ते याच गणितातून. आमच्या मोटरला मी ८५ धरले, म्हणजे सुमारे ६.४ किलोवॅट.

आता ब्लोअरला लागते किती? इथे मजा आहे. ब्लोअर ६५ अंशांची हवा ओढतो आणि गरम हवा हलकी असते. सकाळी ड्रायर थंड असताना, २० अंशांच्या हवेवर, तोच ब्लोअर त्याच वेगाने सुमारे १५ टक्के जास्त ताकद खातो. आमच्या मोजमापात सकाळी सुरू केल्यावर १३.१ ॲम्पियर, दुपारी तापल्यावर ११.६. पूर्ण लोडचा करंट १३.७ आहे. म्हणजे शाफ्टवर सकाळी साधारण ७.१ किलोवॅट, दुपारी ६.२. आमचा वायरमन आधी म्हणाला होता, "मालक, ही मोटर तापली की हलकी चालते." हलकी होते ती हवा. पण त्याचं निरीक्षण बरोबर होतं. सकाळी खोली थंड असते तेव्हा मोटरला पूर्ण साडेसात देता येतात, आणि दुपारी तिची ताकद ६.४ वर येते तेव्हा मागणीही ६.२ वर आलेली असते. म्हणून १५ एचपी घेतली नाही. कन्व्हेयर किंवा काड्या काढायच्या मशीनच्या मोटरला हा हिशेब लावू नका. खोली तापली म्हणून बेदाण्याचं वजन कमी होत नाही.

कागदावरचं हे गणित खरं उतरतं का ते एप्रिलच्या दुपारी तपासलं. हात लावून काही कळत नाही, बॉडी ८५-९० असली तरी या खोलीत ते चालतं. खरी पद्धत वाइंडिंगचा रेझिस्टन्स मोजायची. मोटर थंड असताना दोन टर्मिनलमधला रेझिस्टन्स आणि त्या वेळचं तापमान लिहून ठेवायचं, मग तासन्‌तास चालवून बंद केल्यावर लगेच पुन्हा मोजायचा. एवढ्या मोटरला ३० सेकंदांच्या आत रीडिंग घ्यावं लागतं, नाहीतर तांबं थंड व्हायला लागतं. साधा मल्टिमीटर इथे उपयोगाचा नाही, कारण एका ओहमच्या आसपास त्याच्या वायरींचाच रेझिस्टन्स मधे येतो. मी चार वायरींचा मिलीओहममीटर भाड्याने आणला.

```
t2 = (R2 / R1) × (235 + t1) − 235
```

थंड असताना ३० अंशांना १.२० ओहम, गरम असताना १.६१. उत्तर आलं साधारण १२०. भोवताल ५५, म्हणजे वाढ ६५ च्या आसपास. जेवढी धरली होती तेवढीच.

आता तक्रारी. पहिली मोटरबद्दल नाही, ओव्हरलोड रिलेबद्दल आहे. रिले बसलाय बाहेरच्या पॅनलमध्ये, गार जागेत, आणि त्याला फक्त करंट कळतो. सकाळी १३.१ ॲम्पियर लागतात म्हणून तो १२ वर लावता येत नाही, आणि १३.७ वर ठेवला तर दुपारी मोटर कशामुळेही तापली तरी त्याला पत्ता नसतो. म्हणून मोटर मागवतानाच वाइंडिंगमध्ये तीन पीटीसी थर्मिस्टर मागून घेतले, प्रत्येक फेजला एक, १५० अंशांचे. नंतर घालायचे तर रिवायंडिंगच करावं लागतं. या पैशांचं मोल हंगामातच कळलं. एका दुपारी थर्मिस्टर रिलेने ब्लोअर बंद केला, टोंग टेस्टरवर करंट मात्र नेहमीचाच होता. काउल उघडला तर जाळीला बेदाण्याच्या काड्या आणि फिनवर साखरेचा चिकट थर. हवा आत जातच नव्हती. करंट तोच आणि तापमान चढतंय, असं दिसलं की आधी काउल बघा. आता आम्ही दर आठवड्याला जाळी काढून पुसतो.

दुसरी बेअरिंगची. डीरेटिंगचा तक्ता, म्हणजे कोणत्या तापमानाला किती टक्के लोड घ्यायचा हे सांगणारा कॅटलॉगमधला तक्ता, वाइंडिंग वाचवतो, ग्रीसची काळजी तो तेवढी करत नाही. बेअरिंग ७० अंशांच्या वर गेलं की प्रत्येक १५ अंशांना ग्रीसचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आमचं शाफ्टकडचं बेअरिंग ९० च्या आसपास असतं. सध्या आवाज नाही, पण सीलबंद बेअरिंग आहे, ग्रीस भरता येत नाही, म्हणून हंगाम संपला की बदलणार. आणि व्होल्टेज. संध्याकाळी लाइन ३८० वर आली की त्याच लोडला करंट नऊ टक्क्यांच्या आसपास वाढतो आणि तांब्यातला लॉस जवळपास १९ टक्के. तक्त्यात हे धरलेलं नसतं.

पाचगणीला आमच्या दाजींचं स्ट्रॉबेरी जॅमचं छोटं युनिट आहे. त्यांनी हे सगळं ऐकून विचारलं, "मग आमच्याकडे तर हवा पातळ, तिथे किती सोडायचे?" पाचगणी सुमारे १३०० मीटर. हवा विरळ झाली की ती कमी उष्णता नेते. नियम असा: १००० मीटरच्या वर प्रत्येक १०० मीटरला, ठरलेल्या वाढीच्या एक टक्क्याइतकं भोवतालचं तापमान कमी धरायचं. ८० च्या वाढीला ३०० मीटरचे २.४ अंश. म्हणजे ४० ऐवजी ३७.६. मे महिन्यातही पाचगणीची मोकळी हवा सहसा तिथवर जात नाही. उंचीने जे घेतलं ते गारव्याने फेडलं.

पण दाजींचा पल्पर वाफेच्या केटलशेजारी आहे, तिथे ४६ मोजले. माझी युक्ती एवढीच, की उंचीचे अंश करून भोवतालात मिळवायचे आणि एकच तक्ता बघायचा. ४६ + २.४ म्हणजे ४८.४, तक्त्यात ५० च्या ओळीजवळ, साधारण ९२ टक्के. ३.७ किलोवॅटची मोटर ३.४ वर येते आणि पल्परला ३.५ लागतात. थोडक्यात हुकते. मोठी मोटर न घेता केटलवर एक्झॉस्ट बसवला आणि मोटरच्या पंख्यासमोर खिडकी उघडली. तिथलं तापमान ३६ वर आलं, उंचीसकट ३८.४. डीरेटिंगचा प्रश्नच संपला. तक्त्यातला आकडा बघून मोटर वाढवण्यापेक्षा भोवतालचा आकडा खाली आणता येतो का, हे आधी बघावं.

खरी उंची गेल्या महिन्यात समोर आली. आमचा ड्रायर बनवणाऱ्या फॅब्रिकेटरकडे लेहच्या जर्दाळूसाठी अशाच ड्रायरची चौकशी आली. लेह सुमारे ३५०० मीटर. ८० च्या वाढीतले २५ टक्के म्हणजे २० अंश गेले. मोटर गरम खोलीत न ठेवता बाहेर ठेवली तर उन्हाळ्यातले २५ अधिक २० म्हणजे ४५ धरायचे, साधारण ९५ टक्के. तो म्हणाला, "मग साडेसातच चालेल, हवा हलकी आहे, ब्लोअर कमीच खाणार." मोटर चालेल, पण माल वाळायला वेळ लागेल, कारण त्याच वेगात वजनाने हवा सांगलीच्या ७० टक्क्यांच्या आसपासच जाणार. तेवढीच हवा हवी असेल तर ब्लोअर साधारण १.४३ पट वेगाने फिरवावा लागतो, आणि ताकद वेगाच्या घनाने वाढते. हलक्या हवेची सूट वजा करूनही ती २.०४ पट होते: ६.२ चे १२.६ किलोवॅट. ९५ टक्क्यांच्या हिशेबाने मोटर हवी १३.३ ची, म्हणजे बाजारात मिळणारी १५ किलोवॅटची. शिवाय इंपेलर तेवढा वेग सोसेल का, हे ब्लोअरवाल्याला लेखी विचारावं लागेल. नेहमीचे काँटॅक्टर-स्टार्टर २००० मीटरपर्यंतचेच असतात, तेही बदलावे लागतील. कोटेशन अजून गेलेलं नाही.