खाडीकाठचे घर, सड्यावरची शाळा: रोजच्या प्रवासासाठी ई-सायकल निवडताना

आमच्या शेजारी राहणाऱ्या शिक्षिका बाईंची शाळा वर सड्यावर आहे आणि घर खाली खाडीकाठी. एका बाजूचे अंतर नऊ किलोमीटर. त्यांपैकी दीड किलोमीटर सलग चढण आहे, ज्यात रस्ता सुमारे नव्वद मीटर उंची गाठतो, आणि उरलेले साडेसात किलोमीटर जवळजवळ सपाट आहेत. एस.टी.च्या वेळा शाळेच्या वेळेशी जुळत नाहीत, म्हणून त्यांनी ई-सायकल घेण्याचे ठरवले आणि तीन पर्याय लिहून माझ्याकडे आणले. कोकणात असाच रस्ता असलेले पुष्कळजण आहेत, म्हणून तो हिशेब येथे सविस्तर मांडतो.

पहिल्या सायकलीत मागच्या चाकात गिअर असलेली हब मोटर आहे, बॅटरी ३६ व्होल्ट आणि ७.८ अँपिअर-तासांची आहे, आणि पायडल फिरते आहे की नाही एवढेच ओळखणारा सेन्सर आहे. दुसरीत तशीच हब मोटर आहे, पण बॅटरी १०.४ अँपिअर-तासांची आहे आणि सेन्सर पायडलवर पडणारा जोर मोजतो. तिसरीत मोटर मध्यभागी, पायडलच्या आसाजवळ आहे, म्हणजे ती मिड-ड्राइव्ह आहे. तिची बॅटरी १४ अँपिअर-तासांची आहे आणि किंमत पहिल्या दोन्हींपेक्षा बरीच जास्त आहे.

सुरुवात पल्ल्याच्या दाव्यापासून करू, कारण बहुतेक खरेदी याच आकड्यावर होते. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला की बॅटरीत साठणारी ऊर्जा वॅट-तासांत मिळते. पहिल्या सायकलीची सुमारे २८०, दुसरीची ३७५ आणि तिसरीची ५०४ वॅट-तास. आता या ऊर्जेला कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरने भागावे. पहिल्या सायकलीच्या पत्रकावर ‘थ्रॉटलवर ३० किलोमीटर, पायडलसह ५० किलोमीटर’ असे छापले आहे, म्हणजे किलोमीटरमागे अनुक्रमे ९.३ आणि ५.६ वॅट-तास. सपाट रस्त्यावर, वारा नसताना, ताशी २५ किलोमीटरने केवळ मोटरवर जाण्यासाठी साधारण नऊ वॅट-तास लागतात, म्हणून पहिला आकडा खोटा नाही. दुसऱ्या आकड्याचा अर्थ असा की साधारण चाळीस टक्के काम चालवणाऱ्याच्या पायांनी करायचे आहे. तेवढ्याच बॅटरीवर कोणी शंभर किलोमीटरचा दावा केला, तर भागाकार २.८ येतो. मग ती सायकल बहुतांशी आपणच चालवायची आहे, हे विक्रेत्याला विचारावे लागत नाही.

पत्रकात चढण आणि वारा धरलेला नसतो, म्हणून बाईंच्या रस्त्याचा हिशेब स्वतंत्र केला. त्यांचे वजन ६२ किलो, सायकल २२ किलो, वह्या आणि डबा मिळून सहा किलो, असे एकूण ९० किलो. हे वजन नव्वद मीटर वर नेण्यासाठी सुमारे २२ वॅट-तासांचे प्रत्यक्ष काम होते आणि चाकांच्या घर्षणाचे आणखी तीन. त्यातला एक तृतीयांश भाग बाईंनी पायांनी उचलला आणि चढणीवर मोटरची कार्यक्षमता साठ टक्के धरली, तर बॅटरीतून २८ वॅट-तास जातात. सपाट भागात ताशी २० किलोमीटरने अर्धे काम स्वतः केल्यास आणखी २५. म्हणजे सकाळचा प्रवास साधारण ५३ वॅट-तासांत होतो.

परतीच्या वाटेने आम्हां दोघांनाही चकित केले. उतारावर मोटर बंदच राहते, म्हणून परतीचा खर्च नगण्य असेल असा आमचा अंदाज होता. परंतु शाळा सुटते त्या दुपारच्या वेळी समुद्रावरून जमिनीकडे वारा वाहत असतो आणि बाई त्याच्या समोरून खाडीकडे येतात. ताशी १५ किलोमीटरचा समोरचा वारा धरला, तर ताशी २० च्या वेगाने जाताना अंगावर ३५ किलोमीटरचा वारा येतो आणि हवेचा अडथळा तिपटीने वाढतो. बाईंचा पायांचा जोर सकाळइतकाच राहिला, तर साडेसात किलोमीटरला सुमारे ८९ वॅट-तास लागतात, म्हणजे चढणीसकट सकाळी लागले त्याहूनही बरेच अधिक. वारा संपूर्ण वाटेवर समोरूनच येईल असे नाही, नारळी-पोफळीच्या बागा आणि गडगे तो अडवतात, परंतु हिशेब वाईट दिवसाचा करावा. विशेष म्हणजे वेग १५ वर आणला की हाच खर्च ५६ पर्यंत उतरतो.

वाईट दिवसाची बेरीज १४२ वॅट-तास झाली. बॅटरी रिकामी होईपर्यंत वापरता येत नाही, म्हणून पहिल्या सायकलीचे २५० वॅट-तास धरू. त्यात या रस्त्यावर ३२ किलोमीटर जाता येईल, पत्रकावरचे ५० नव्हे. बॅटरी जुनी होऊन तिची क्षमता ऐंशी टक्के उरली, तरीही रोजचे अठरा किलोमीटर निभावतात. मात्र पायडल न मारता फक्त थ्रॉटलवर चालवल्यास त्याच वाईट दिवसाचा खर्च २०० वॅट-तासांच्या पुढे जातो आणि जुन्या बॅटरीवर सायकल घरापर्यंत पोचत नाही. ‘आधी पुरत होती, आता वाटेत बंद पडते’ अशी तक्रार आली की बॅटरी बिघडली असे समजण्याआधी हा हिशेब तपासावा.

आता मोटरविषयी. आपल्याकडच्या बहुतेक परवडणाऱ्या ई-सायकलींमध्ये गिअरची हब मोटर असते. तिच्या आत लहान दातेरी चाके असतात आणि मोटर बंद असताना चाक मोकळे फिरते, त्यामुळे बॅटरी संपल्यास ती ओढत न्यावी लागत नाही. गिअर नसलेली हब मोटर अधिक जड असते आणि बंद असताना थोडे अडवते. उतारावर ती वीज परत साठवते ही तिची जाहिरात खरी असली, तरी दीड किलोमीटरच्या उतारावर हाती फार थोडे लागते, म्हणून तो प्रकार आम्ही बाजूला ठेवला.

हब मोटरची मर्यादा अशी की ती चाकाच्याच वेगाने बांधलेली असते. सायकलीचे गिअर बदलून आपले पाय हलके होतात, मोटर नाही. चढणीवर वेग ताशी सात-आठ किलोमीटरवर आला की मोटर आपल्या सोयीच्या फेऱ्यांच्या खूप खाली फिरते आणि निम्म्याहून अधिक वीज उष्णतेत जाते. अशा वेळी जोर अचानक कमी होतो किंवा हबचे कवच हात ठेवता येणार नाही इतके तापते, आणि ही खूण दिसताच थांबावे. मिड-ड्राइव्हचा जोर साखळीतून जातो, त्यामुळे खालचा गिअर टाकला की मोटरही सुखाने फिरते. वजनदार माणूस, सामान आणि खडी घाटी एकत्र आली की मिड-ड्राइव्हला तोड नाही.

बाईंची चढण दीड किलोमीटरला नव्वद मीटर, म्हणजे सहा टक्के आहे. ताशी दहा किलोमीटरने ती चढायला एकूण १७० वॅटच्या आसपास शक्ती लागते. त्यांपैकी साठ वॅट बाईंच्या पायांचे धरले, तर मोटरवर शंभर-एकशेदहा वॅटचा भार येतो आणि हब मोटर तो सहज उचलते. वीजखर्चात तर मिड-ड्राइव्हमुळे पाच-सहा वॅट-तासांचाच फरक पडतो. चढण दहा टक्क्यांची असती किंवा एकूण वजन सव्वाशे किलोच्या वर असते, तर मी उलट सल्ला दिला असता. मिड-ड्राइव्हचा सगळा जोर साखळीवर पडतो हेही येथे मोजावे लागते. खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात साखळी लवकर गंजते, तीत जांभ्याची लाल माती बसते, आणि मोटरचा सुटा भाग लागल्यास तालुक्याच्या गावी तो मिळेलच असे नाही. हब मोटरची सायकल मात्र साखळी तुटली तरी थ्रॉटलवर घरी आणता येते.

सेन्सरचा फरक अनेकजण दुर्लक्षितात. पहिल्या सायकलीत पायडल थोडे फिरल्यावरच मोटर जागी होते, त्यामुळे चढणीवर थांबून पुन्हा निघताना पहिला जोर पायांनाच लावावा लागतो. जोर मोजणारा सेन्सर पाय दाबताच साथ देतो, आणि पायांनी जेवढे द्यावे त्या प्रमाणात मोटर देते. अर्धा वाटा आपला, हे वरच्या हिशेबातले गृहीत त्यामुळे व्यवहारातही टिकते.

तिसरा प्रश्न कायद्याचा. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार, पायडलला साथ देणाऱ्या मोटरची तीस मिनिटे सलग देता येणारी शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी असावी लागते, तिची साथ वेग वाढेल तशी घटत ताशी २५ किलोमीटरला पूर्ण थांबावी लागते, आणि पायडल मारणे थांबवले की त्याआधीही थांबावी लागते. केवळ थ्रॉटलवर चालणारे वाहनही त्याच शक्तीच्या आत आणि २५ पेक्षा कमी वेगाचे असेल, तर सूट मिळते. बॅटरी वगळून वजन ६० किलोच्या आत असावे, योग्य ब्रेक असावेत, पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक असावा, आणि त्या नमुन्याला मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र असावे. पुण्याची एआरएआय ही अशीच एक संस्था आहे. एवढे असेल तर ते मोटार वाहन धरले जात नाही आणि नोंदणी, परवाना, विमा यांपैकी काहीच लागत नाही. प्रमाणपत्राची प्रत दुकानात मागावी, आणि ती दाखवायला टाळाटाळ होत असेल तर दुकान बदलावे.

बाईंना एका दुकानात ‘वेगमर्यादेचे लॉक काढून देतो, चाळीसने जाईल’ असे सांगण्यात आले. लॉक काढताच ही सूट संपते आणि सायकल नोंदणी नसलेले, विमा नसलेले मोटार वाहन ठरते. वाटेत कोणाला धक्का लागला तर भरपाईचा बोजा चालवणाऱ्यावर स्वतःवर येतो. शिवाय ताशी ४० ने जाताना किलोमीटरमागची ऊर्जा २५ च्या तुलनेत दुपटीहून अधिक लागते, म्हणजे पल्ला निम्म्याहून कमी होतो. नऊ किलोमीटरच्या वाटेवर वाचणारा वेळ आठ मिनिटांचा असतो.

बाईंनी दुसरी सायकल घेतली. रोजच्या चार्जिंगवर पहिलीही पुरली असती, पण पावसाळ्यात झाड तारेवर पडले की रात्रभर वीज नसते, आणि सकाळी शाळा तर गाठावीच लागते. ३७५ वॅट-तासांपैकी वापरण्याजोगे सुमारे ३४० धरले तर वाईट हवेतही दोन दिवस निघतात. बॅटरी जुनी झाल्यावर परतीचा वेग १५ वर ठेवला तरीही निघतील. बॅटरी काढता येण्याजोगी आहे, म्हणून ती घरात कोरड्या जागी चार्ज होते. साकवावरून पाणी वाहत असेल तर मात्र सायकल उतरून उचलून न्यायची असे ठरले आहे, कारण पत्रकावरचे ‘आयपी ६५’ हे मानांकन पाण्याच्या फवाऱ्यासाठी आहे, आस बुडेल एवढ्या पाण्यासाठी नाही.