नाव विसरलेले संकेतस्थळ: हिस्टरी की वर्णनावरून शोध?

मागील आठवड्यातच पाहिलेले पान शोधायचे असेल, तर माझ्या मते आधी हिस्टरी उघडावी. संगणकावरील क्रोममध्ये Ctrl+H दाबल्यावर भेटी तारीखवार दिसतात आणि क्रोम त्या सुमारे 90 दिवस जपतो. मात्र तेथील शोधपेटी सहसा पानाचे शीर्षक आणि पत्ताच तपासते, आतील मजकूर नाही. समजा, पान कागदी कंदिलाचे होते, पण शीर्षक ‘सुट्टीतील उद्योग’ असे होते. मग ‘कंदील’ लिहून ते सापडणार नाही. अशा वेळी त्या दिवशी आपण सर्च इंजिनात काय टाइप केले होते ते आठवावे, कारण तो शोधही हिस्टरीत नोंदलेला असतो आणि हवे असलेले पान बहुधा त्याच्या लगेच नंतरच्या नोंदींत मिळते.

सर्च इंजिनात वर्णनावरून केलेला शोध पानातील मजकुरापर्यंत पोहोचतो. त्यामुळे ‘कागदी कंदील बांबूच्या काड्या गोंदाशिवाय’ असे वेगळेपण सांगणारे शब्द द्यावेत आणि नेमके आठवणारे वाक्य दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावे. तरीही तो सारखी दिसणारी अनेक पाने पुढे करतो, म्हणून खाजगी विंडोत किंवा सिंक नसलेल्या दुसऱ्या उपकरणावर पाहिलेल्या, म्हणजेच या हिस्टरीत नसलेल्या पानासाठीच मी त्याला पहिली पसंती देईन.