सर्पदंशाचा एक पानी तक्ता: सापावरून की लक्षणांवरून?

सांगली-साताऱ्याच्या ऊसपट्ट्यातल्या ग्रामीण रुग्णालयात इंटर्नसाठी सर्पदंशाच्या लांबलचक मार्गदर्शिकेचं एक पान करायचं, तर पहिला प्रश्न काय ठेवायचा?

‘साप कोणता?’ हा प्रश्न सोयीचा वाटतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे असे चार रकाने पडतात, पान देखणं दिसतं. पण जमिनीवर झोपलेली ऊसतोड कामगार बाई पहाटे पोटदुखीने उठते, पापण्या जड होतात, अंगावर ना सूज ना दाताची खूण. मण्यारीचा संशय इथेच यायला हवा. पण साप कुणी पाहिलेलाच नाही, म्हणून हा तक्ता पहिल्याच चौकटीत अडतो. शिवाय आपली सर्पविषावरची लस चौघांवर एकच आहे, मग नाव विचारून वेळ का घालवायचा?

लक्षणांच्या तक्त्यात पहिला प्रश्न श्वासाचा, दुसरा पापण्यांचा, तिसरा रक्ताचा. या बाईला दुसऱ्याच चौकटीत उत्तर मिळतं: लसीच्या १० वायल सलाइनमधून तासाभरात, ॲड्रेनलिन भरून हाताशी, श्वासावर नजर. लहान मुलालाही डोस तेवढाच. हे मोठ्या अक्षरात छापा, कारण वजनावर डोस कमी करण्याची चूक हमखास होते.

रक्ताच्या चौकटीत मात्र काटछाट नको. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली रक्त, २० मिनिटं न हलवता, मग एकदाच तिरपी करून रक्त गोठलं का ते पाहायचं. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल, तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि लस विनाकारण जाते.