जांभ्याच्या भिंती: दोन पावसाळ्यांनंतर

जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेल्या घरात राहायला येऊन 16 महिने झाले. दगडाबद्दल एकही तक्रार नाही. तक्रार आहे ती एका खोलीच्या गिलाव्याची, आणि त्याची घाई मीच केली होती.

खाणीत वरची माती आणि कडक कवच काढलं की खाली कापण्याजोगा जांभा लागतो. गोल पात्याचं यंत्र त्यात आडवे-उभे चर पाडतं, मग चिरा बुडापासून सुटा करतात. ताजा चिरा ओला आणि मऊ असतो. हवेत राहिला की पाणी निघून जातं, आतली लोहाची संयुगं घट्ट होत जातात आणि दगड टणक होतो. याला काही महिने लागतात. निवडताना पांढऱ्या-पिवळ्या मातीचे गोळे असलेला चिरा बाजूला काढावा. तिथे खिळा सहज घुसतो, आणि पुढे पाण्याने ती माती धुऊन भोक पडतं.

आमचे चिरे 14 इंच लांब, 9 इंच रुंद, 7 इंच उंच. जोतं काळ्या दगडाचं, त्यावर ओल अडवणारा थर, मग 9 इंची भिंत. चिरे लावण्याआधी भिजवले, कारण कोरडा चिरा मसाल्यातलं पाणी ओढून घेतो आणि सांधा भुसभुशीत राहतो. प्रत्येक थरात सांधे मोडले, म्हणजे उभा सांधा खालच्या सांध्यावर येऊ दिला नाही.

जांभा पावसातच घडलेला आहे. विरघळण्याजोगं बरंचसं लाखो वर्षांत वाहून गेलं, मागे लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं उरली. त्यामुळे पावसाने तो झिजून संपत नाही. पण सच्छिद्र असल्याने पाणी पितो जरूर, आणि प्यालेलं पाणी बाहेर पडायला वाट लागते.

पश्चिमेच्या खोलीत हीच वाट मी बंद केली. बाहेर फक्त दरजा भरलेल्या, आत 1:3 सिमेंटचा गुळगुळीत गिलावा, तोही चिरे पुरते सुकायच्या आत. पहिल्या ऑगस्टमध्ये जमिनीपासून दोन फुटांपर्यंत फुगवटे आले, पांढरी क्षारांची पूड सुटली, ठोकलं की पोकळ आवाज. भिंतीत उतरलेलं पाणी जोत्यावरच्या थरापाशी अडत होतं आणि आतून गिलावा ढकलत होतं. बाहेरच्या दरजाही आत दबलेल्या होत्या, त्यांच्या कडेवर पाणी साचायचं.

गिलावा उतरवून भिंत उन्हाळाभर उघडी ठेवली. दरजा बाहेरून चिऱ्याच्या पातळीला आणल्या. आतले सांधे अर्धा इंच खरवडले, मोठी छिद्रं आधी भरून घेतली, भिंत शिंपडून ओली केली आणि 1 भाग सिमेंट, 1 भाग चुना, 6 भाग वाळू असा गिलावा दोन थरांत केला.

यंदा झोडपणाऱ्या पावसात त्याच भिंतीवर गडद डाग दिसले. उघडीप पडल्यावर चार-पाच दिवसांत ते गेले, आणि ठोकल्यावर आवाज भरीव येतो. पुन्हा बांधलं, तर त्या बाजूची पागोळी आणखी दोन फूट बाहेर काढेन.